‘चालवायची पद्धत बदला’ हे उत्तर नको, बॅटरी मोजून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक स्कूटर जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्म्यावरच थांबू लागली, की सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकाला ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मॅडम, चालवायची पद्धत बदला.’ मलाही तेच मिळालं. माझ्या स्कूटरचा दावा एका चार्जमध्ये 120 किलोमीटरचा आहे आणि ती 62 किलोमीटरच्या आसपास मान टाकते. गाडी वॉरंटीत आहे. कंपनीने बॅटरी बदलून द्यावी, नाहीतर पैसे परत करावेत, अशी माझी लेखी मागणी आहे. ती फेटाळताना जे कारण पुढे केलं जातं ते साध्या गणितातही टिकत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कंपनीच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. 120 हा आकडा हवेतून आलेला नाही. जाहिरातीत त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘आयडीसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकल. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत स्कूटर रोलरवर उभी करतात आणि 108 सेकंदांचं एक ठरावीक आवर्तन तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. त्यात कमाल वेग ताशी 42 किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी 22 किलोमीटरच्या जवळपास असतो. चालवणाऱ्याचं वजन 75 किलो धरलेलं असतं. चढ, खड्डे, समोरचा वारा किंवा मागच्या सीटवर बसलेलं माणूस यांपैकी तिथे काहीच नसतं. त्यामुळे रस्त्यावर रेंज कमी येणार हे उघड आहे आणि मीही 120 ची अपेक्षा धरलेली नाही. माझं भांडण पुढच्या भागाशी आहे.

रेंज म्हणजे एक भागाकार आहे. बॅटरीतून प्रत्यक्ष किती वीज निघते, त्याला दर किलोमीटरला किती वीज खर्च होते याने भागलं की रेंज येते. खालचा आकडा माझ्या हातात आहे. मी जोरात चालवली, टायरमध्ये हवा कमी ठेवली, दोघं बसलो, तर खर्च वाढेल. वरच्या आकड्याशी मात्र माझ्या चालवण्याचा संबंध नाही. तीन युनिटची बॅटरी हळू चालवली तरी तीनचीच आणि जोरात चालवली तरी जवळपास तीनचीच. सर्व्हिस सेंटरवाले बोलतात ते फक्त खालच्या आकड्याबद्दल. वरचा आकडा कुणी मोजलेलाच नाही.

तो मी घरी मोजला. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. बाजारात प्लगमध्ये बसणारा छोटा वीजमीटर मिळतो, तो भिंतीवरचं सॉकेट आणि चार्जर यांच्यामध्ये लावायचा. स्कूटर घराच्या आसपासच फिरवत ती आपणहून बंद पडेपर्यंत चालवायची, बॅटरी निवू द्यायची आणि मग पूर्ण चार्ज करायची. शंभर टक्के दिसल्याबरोबर प्लग काढायचा नाही. शेवटच्या टप्प्यात चार्जर अगदी थोडी वीज घेत राहतो, तीही थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग मीटर वाचायचा. माझ्या मीटरवर 2.05 युनिट आले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं, फरक नगण्य होता.

कंपनीच्या माहितीपत्रकात बॅटरी 3 किलोवॉट-तासांची, म्हणजे 3 युनिटची आहे. सेल फार रिकामे होऊ नयेत म्हणून काही भाग राखून ठेवतात, त्यासाठी 10 टक्के सोडून देते. मग वापरता येणारे 2.7 युनिट उरतात. भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही, चार्जर तापतो त्यात साधारण दहावा भाग जातो. म्हणजे 2.05 पैकी बॅटरीत गेले 1.85 युनिट. 2.7 च्या जागी 1.85.

आता भागाकार करू. 1.85 युनिटमध्ये 62 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण 30 वॉट-तास. रोजच्या रहदारीत, अधूनमधून मागे कुणी बसलेलं असताना हा खर्च काही वावगा नाही. याच खर्चात 2.7 युनिटची धड बॅटरी मला 90 किलोमीटर घेऊन गेली असती. म्हणजे 120 वरून 90 वर येणं हा रस्त्याचा, वजनाचा आणि माझ्या हाताचा हिस्सा. तो मी निमूटपणे घेते. 90 वरून 62 वर येणं हा बॅटरीचा हिस्सा आहे आणि तो माझ्या माथी मारायचा कंपनीला अधिकार नाही.

कुणी म्हणेल, चार्जरचा दहा टक्के तोटा तुम्ही अंदाजाने धरलात. बरं, चार्जर एक कणही वीज वाया घालवत नाही असं समजू, जे अशक्य आहे. तरीही भिंतीतून एकूण आलेले 2.05 युनिट हे 3 च्या 69 टक्केसुद्धा भरत नाहीत. वॉरंटीची रेषा 70 टक्क्यांची आहे, ते पुढे सांगतेच.

बॅटरीचं नेमकं काय बिघडलं असावं, याचा सुगावा स्कूटरच्या वागण्यातून लागतो. चार्ज 100 वरून 40 टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखा उतरतो. पस्तिशीच्या खाली गेला, की दोन-तीन किलोमीटरमध्ये एकदम 15 दिसतात, वेग आपोआप कमी होतो आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते. थोडा वेळ उभी ठेवली की तीच स्क्रीन पुन्हा वीसच्या वर दाखवते. जाणकारांना हे लक्षण ओळखीचं आहे. बॅटरीत सेलचे गट एकामागे एक जोडलेले असतात, आणि त्यातला एक जरी गट कमजोर निघाला तरी तो बाकीच्यांच्या आधी रिकामा होतो. त्याचा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, सुरक्षेसाठी सगळी बॅटरीच बंद करतं. इतर गटांत वीज शिल्लक असते, पण ती आपल्याला मिळत नाही. मोटारचा भार गेला की कमजोर गटाचा व्होल्टेज जरा वर येतो, म्हणून उभ्या गाडीत टक्के वाढलेले दिसतात. चार्ज होताना हाच गट बाकीच्यांच्या आधी भरला तर चार्जिंगही लवकर थांबतं. अर्थात गटांमधला चार्ज नुसता वरखाली झाला असेल तर तो सारखा करून, म्हणजे बॅलन्सिंग करून, काम भागू शकतं. सेलच खराब निघाले तर नाही. यातलं कोणतं, हे प्रत्येक गटाचा व्होल्टेज भाराखाली पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

सर्व्हिस सेंटरने काय केलं ते आता सांगते. त्यांच्या माणसाने स्कूटर इको मोडमध्ये, एकट्याने, संथ चालवली. चार्ज 100 वरून 60 टक्क्यांवर येईपर्यंत 38 किलोमीटर झाले. त्याला अडीचने गुणून त्यांनी जॉब कार्डवर लिहिलं, ‘रेंज 95 कि.मी., बॅटरी ओके’. गडबड होते पस्तिशीच्या खाली आणि चाचणी थांबवली साठवर! जिन्याच्या वरच्या पायऱ्या तपासून खालची तुटलेली पायरी ओके म्हणण्यासारखं हे आहे. शिवाय सगळे टक्के सारख्याच अंतराचे असतात हे गृहीतच चूक आहे. टक्के हा बीएमएसने बांधलेला अंदाज असतो, आणि गट वरखाली झालेल्या बॅटरीत नेमका तोच अंदाज फसतो.

दुसरा पुरावा म्हणून त्यांनी मोबाइल ॲपमधली ‘बॅटरी हेल्थ 94 टक्के’ ही ओळ दाखवली. हा आकडाही सॉफ्टवेअरचा अंदाजच आहे. पूर्ण चार्ज करून, ठरावीक करंटवर पूर्ण रिकामी करून आणि निघालेली वीज मोजून तो आलेला नाही. तशी चाचणी, म्हणजे कॅपॅसिटी टेस्ट, करा म्हटलं तर ‘इथे यंत्र नाही’ असं सांगतात. कंपनीकडे पाठवा म्हटलं तर ‘ॲपवर 94 असताना पाठवता येत नाही’. वर्कशॉपमधल्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच लिहायची मुभा असावी.

वॉरंटीच्या कागदावर लिहिलंय, बॅटरीची क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल. 70 टक्के कशाचे, माहितीपत्रकातल्या 3 युनिटचे की वापरता येणाऱ्या 2.7 चे, हे त्यात नाही. ती कुणी, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या तापमानाला मोजायची, हेही नाही. माझ्या बाबतीत 1.85 ला 3 ने भागा, 62 टक्के येतात, 2.7 ने भागा, 68 च्या पुढेमागे येतात. दोन्ही सत्तरच्या आतच. पण मोजायचं यंत्र आणि निकाल देणारं ॲप दोन्ही कंपनीच्याच ताब्यात असल्यावर ही अट ग्राहकाला कधी सिद्ध करता यावी?

कायद्यात याला वाट आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मालात दोष ठरला तर जिल्हा आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि दोष तपासायला माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, त्यामुळे ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ हे ऐकत बसणं परवडणारं नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. मीटरच्या वाचनाचे फोटो, टक्के घसरतानाचा व्हिडिओ आणि ते जॉब कार्ड सोबत जोडलं आहे. अशाच त्रासात असलेल्या वाचकांनी निदान जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘रेंज कमी’ एवढंच नको, ‘35 टक्क्यांवरून एकदम 15 होतात’ असं. कॅपॅसिटी टेस्ट मागितल्याचा आणि ती नाकारल्याचाही उल्लेख त्यात हवा.

कंपनीकडे माझं मागणं असं आहे. माझी बॅटरी माझ्यासमोर पूर्ण चार्ज करावी, बीएमएस ती बंद करेपर्यंत रिकामी करावी, निघालेले युनिट आणि शेवटच्या टप्प्यातले प्रत्येक गटाचे व्होल्टेज सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावेत. क्षमता सत्तरच्या वर भरली तर मी तक्रार मागे घेईन. खाली भरली तर नवी बॅटरी द्यावी. दुसऱ्या गाडीतून काढून दुरुस्त केलेली मी घेणार नाही. नव्या बॅटरीची वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून मोजावी. बॅटरी उपलब्ध नसेल तर स्कूटर परत घेऊन पैसे द्यावेत. या मागणीला तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा आयोगात जाणार आहे, तसं कंपनीला रजिस्टर पोस्टाने कळवलं आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे.)