ती ओळ तुकोबांची नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या परभणी जिल्ह्यातील एका गावी वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. मांडवाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘आधी बीज एकले’ ही ओळ होती आणि तिच्याखाली ‘संत तुकाराम’ असे लिहिलेले होते. तोच मजकूर सुंदर चित्रासह नंतर कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत राहिला. ही ओळ तुकोबांची नाही. १९३६ साली आलेल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ते गीत लिहिले, केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली आणि तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांनी ते गायिले. त्या चित्रपटात तुकोबांचे खरे अभंगही असल्यामुळे, पडद्यावरच्या तुकोबांच्या तोंडून आलेले हे गीतही लोकांनी त्यांचेच मानले.

इंटरनेटवर ही ओळ शोधली, तर तुकोबांचे नाव असलेली पाने भराभर समोर येतात आणि एवढे लोक सांगतात म्हणजे खरेच असणार, असे वाटते. परंतु ती बहुतेक पाने एकमेकांची नक्कल असतात. शंभर नकला मिळून एकही साक्ष होत नाही. अभंगाचा क्रमांक आणि गाथेची प्रत सांगणारे एखादे पान आहे का, एवढेच पाहावे.

शोध खरे तर ओळीपासूनच सुरू करता येतो. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे साधारणपणे सहा, सहा, सहा आणि चार अशी येतात. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ ही ओळ बोटांवर मोजून पाहावी. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात. ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’ हे त्याचे उदाहरण. ‘आधी बीज एकले’ यात सात अक्षरे भरतात, पुढच्या ‘बीज अंकुरले’मध्ये सहा आणि ‘रोप वाढले’मध्ये पाच. ही घडण अभंगाची नसून चालीवर बांधलेल्या गीताची आहे. शिवाय शेवटी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्राही नाही. अभंगाचे अक्षरगणित थोडेफार सैल असते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. मात्र संशय घ्यायला हे पुरेसे आहे.

त्यानंतर गाथा उघडावी. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. छापील गाथेतील अकारविल्हे सूचीत अभंगाची केवळ पहिली ओळ असते, मधला चरण तेथे सापडत नाही. मधल्या चरणासाठी इंटरनेटवरील गाथेत शोध घ्यावा लागतो आणि नेमके तिथेच पुष्कळांचे चुकते. जुन्या पाठात ‘आधीं’, ‘जें कां’ असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या लेखनाप्रमाणे पूर्ण ओळ टंकली तर असलेला अभंगही ‘नाही’ म्हणून दिसतो. म्हणून ‘अंकुर’, ‘तरु’ यांसारखा एखादाच वेगळा शब्द घालून शोधावे आणि मिळालेल्या ओळी डोळ्यांनी वाचाव्यात. गाथेत ओळ मिळाली नाही, म्हणजे ती कोणाची हे अजून ठरत नाही. त्यासाठी दुसऱ्या बाजूने, म्हणजे गीतकार, चित्रपट आणि साल यांच्या नोंदींतून, खरा कर्ता सापडावा लागतो. या गीताच्या बाबतीत तो सापडतो.

नाममुद्रा असली तरी खात्री पटतेच असे नाही, हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे. नर्सीच्या नामदेवांच्या नावावरील गाथेत नंतरच्या काळातील विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळलेल्या आहेत आणि दोघांच्याही मुद्रेत ‘नामा’ येतो. तेथे भाषा आणि हस्तलिखिते यांचा विचार अभ्यासकांनाच करावा लागतो. आपण निदान कोणत्या प्रतीतला कितवा अभंग, एवढे तरी लिहावे. निरनिराळ्या प्रतींत क्रमांक वेगळे असल्यामुळे प्रतीचे नाव नसेल, तर नुसत्या आकड्यावरून अभंग सापडत नाही.

आपल्या दैनिकातही संतवचने नियमित छापली जातात आणि ती मी आवडीने वाचतो. प्रत्येक वचनाखाली गाथेची प्रत आणि अभंग क्रमांक दिला जावा, ही माझी विनंती आहे. ज्या वचनाचा क्रमांक मिळत नसेल, ते संतांच्या नावाने छापू नये. आमच्या गावच्या फलकाबाबत मी आयोजकांना भेटून गीताची माहिती दिली आहे. येत्या पावसाळ्यात तीच ओळ पुन्हा लावायचे त्यांनी ठरवले आहे, आणि या वेळी तिच्याखाली शांताराम आठवले यांचे नाव असेल.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
जि. परभणी