बाबा, डॉक्टरांना पत्र असं लिहा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, डॉक्टरांना द्यायच्या पत्राचा फोटो मिळाला. तुम्ही तीन पानं लिहिलीत, त्यातल्या ओळीओळीत तुमची काळजी दिसते. पण डॉक्टर हे पत्र दोन पेशंटच्या मधल्या चार मिनिटांत वाचणार. आईचं वजन उतरल्याचं तुम्ही तिसऱ्या पानावर, तेही जाता जाता लिहिलंय. ते पहिल्या ओळीत हवं, खोकल्याच्या शेजारी.

कारण सांगते. नुसत्या खोकल्याची कारणं पुष्कळ असतात. आईची ब्लडप्रेशरची गोळी मे महिन्यात बदलली, नवी गोळी रामिप्रिलची आहे, आणि त्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. तो कधी लगेच, तर कधी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो. तुमच्या पत्रात गोळीचा उल्लेखच नाही. तो केलात आणि वजनाचं राहिलं, तर डॉक्टर गोळी बदलतील आणि महिनाभर वाट पाहा म्हणतील, कारण तो खोकला थांबायला एक ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. उलट नुसतं वजन सांगितलं तर साखर आणि थायरॉइड तपासून थांबतील. दोन्ही एकत्र सांगितलं की मग छातीकडे बघावंच लागतं. रामिप्रिलने वजन उतरत नाही, संध्याकाळी अंग गरम होत नाही, आणि बेडकाही पडत नाही. आईला हे तिन्ही होतंय.

वजनाबद्दल "बरीच वाळली आहे" असं लिहू नका, आकडा लिहा. मार्चच्या तपासणीची चिठ्ठी फाइलमध्ये आहे, तिच्यावर कोपऱ्यात ६१.५ किलो लिहिलंय. परवा घरच्या काट्यावर ५६ भरलं. म्हणजे सहा महिन्यांत साडेपाच किलो, जवळजवळ नऊ टक्के. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर कारण शोधायचं असतं. दोन काट्यांत थोडा फरक पडतो हे खरं, पण पाच किलोंचा नाही. आणि आईच्या बोटातली अंगठी आता दोरा गुंडाळल्याशिवाय राहत नाही, तीही खोटं बोलत नाहीये. सोमवारपर्यंत वजन रोज सकाळी, काही खायच्या आधी, काटा कडक फरशीवर ठेवून करा आणि लिहून ठेवा. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला थर्मामीटरही लावा, फक्त त्याआधी अर्धा तास गरम-गार काही प्यायलेलं नको.

औषधांचं सगळं लिहा, संकोच करू नका. ऑगस्टमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक पाच दिवस झाली, त्या आठवड्यात खोकला कमी वाटला आणि मग परत उलटला. ही बारीक गोष्ट वाटेल, पण फार कामाची आहे. हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालतं, त्यामुळे काही दिवस बरं वाटतं, आजार मात्र आत तसाच राहतो आणि निदान लांबतं.

मी पत्र असं मांडलंय, तुमच्या अक्षरात उतरवून घ्या:

"आदरणीय डॉक्टर, माझ्या पत्नीला जूनअखेरपासून खोकला आहे आणि मार्चपासून तिचं वजन ६१.५ वरून ५६ किलोवर आलं आहे. खोकला आधी कोरडा होता, ऑगस्टपासून सकाळी पिवळसर बेडका पडतो. रक्त दिसलेलं नाही. संध्याकाळी अंग कोमट लागतं, रात्री उशी घामाने भिजते. भूक कमी झाली आहे. मे महिन्यात रामिप्रिल सुरू झाली. ऑगस्टमध्ये लिव्होफ्लॉक्सासिन पाच दिवस घेतली, आराम टिकला नाही. तिने कधी धूम्रपान केलेलं नाही. तिच्या थोरल्या बहिणीला पूर्वी टीबी झाला होता, तेव्हा त्या एकाच घरात राहत होत्या. छातीचा एक्स-रे, बेडक्याची तपासणी आणि साखर आता करावी का? टीबी किंवा फुप्फुसाचा कॅन्सर असू शकतो का, हे आम्हाला स्पष्ट सांगावं."

शेवटचा प्रश्न तुम्ही खोडला होता, मी परत घातला. विचारल्याने काही ओढवत नाही. कधीही सिगारेट न ओढलेल्या बायकांनाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो, म्हणून त्या बाजूने बघणं राहून जाता कामा नये. मला स्वतःला या सगळ्या खुणांवरून टीबीचा संशय जास्त येतो. पण मी लॅबमध्ये नमुने तपासते, निदान करत नाही, ते डॉक्टरांनाच करू द्या.

आई, हे पत्र तुझ्याबद्दल आहे, तेव्हा ते तू वाचल्याशिवाय जाऊ नये. बाबांना जे दिसत नाही ते तूच लिही: दम लागतो का, छातीत दुखतं का, घास गिळताना अडकतो का, कुठे गाठ लागते का. "एवढं काही नाही" म्हणत तू उशीचा अभ्रा गुपचूप धुतेस, हे बाबांनी मला सांगितलंय. रागावू नकोस त्यांच्यावर.

बेडक्याचा नमुना द्यायला सांगितला तर नीट दे, कारण रोज आमच्याकडे निम्मे डबे नुसत्या लाळेचे येतात आणि लाळेत काही सापडत नाही. सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भर. उघड्या खिडकीपाशी किंवा बाहेर उभी राहा, दोन-तीनदा खोल श्वास घे, थोडा रोखून धर आणि मग पोटातून जोर लावून खोक. घट्ट, चिकट येईल ते डब्यात, छोटा चमचाभर पुरे. पातळ, फेसाळ असेल तर परत प्रयत्न कर. झाकण घट्ट लावून त्याच सकाळी पोचवायचं.

बाबा, नुसती काचपट्टीवरची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला ते एका मिलिलिटरमध्ये हजारोंनी असावे लागतात. जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी त्याहून कितीतरी कमी जंतू पकडते, आणि नेहमीचं मुख्य औषध त्यांच्यावर चालेल की नाही हेही सांगते. ती करता येईल का, हे आवर्जून विचारा. तीही निगेटिव्ह आली आणि एक्स-रेमध्ये डाग असला, तर पुढे सीटी स्कॅन लागेल. तिथे थांबायचं नाही.

निकाल येईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, आईने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, आणि दादाची मुलं तेवढे दिवस तुमच्याकडे झोपायला नकोत. रामिप्रिल मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरच बदलतील. बेडक्यात रक्त दिसलं किंवा बसल्या जागी दम लागला, तर सोमवारची वाट न पाहता त्याच वेळी दवाखान्यात जा आणि मला फोन करा, रात्र असली तरी.

मी रविवारी रात्री पोचते. सोमवारी तिघं मिळून जाऊ. फाइल, मार्चची चिठ्ठी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा, एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
मनू