माईंस, सुभद्रेच्या पाटाबद्दल

आदरणीय माई,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीचा शेवटचा खर्डा प्रकाशकाकडे गेला. आता आभार मानायला हरकत नाही. हे पत्र मी मुद्दाम चारचौघांत लिहितोय. तुम्ही दिलेलं एकट्याने वापरून गप्प बसावं असं ते नाही, आणि जुन्या घरातल्या बाईबद्दल लिहायला बसलेल्या दुसऱ्या कुणालाही ते कामी येईल.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कादंबरी गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या एका सारस्वत घरातली. सुभद्रा त्या घरची थोरली सून. १९४९ साली तिचा नवरा जातो, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा, सासरा धडधाकट, सासू आधीच गेलेली, घरात एक धाकटा दीर आणि त्याची बायको. पुढच्या वीसेक वर्षांत या बाईचं घरातलं स्थान आधी खाली येतं आणि मग वर जातं. हे मला कुणाच्याही तोंडून वदवायचं नव्हतं. पण मी पुरुष माणूस. आमच्या घरात बाहेरच्या वसरीवर वाढलो, फार तर मधल्या चौकापर्यंत, राजांगणापर्यंत पोचलो. चुलीकडे कोण कुठे बसतं हे कधी पाहिलंच नाही. म्हणून तुमच्याकडे आलो.

आपल्याकडे विधवेची गोष्ट म्हटली की वाचकाच्या मनात आधी केशवपन येतं. हरिभाऊ आपट्यांच्या यमूने ते मराठी मनात असं कोरून ठेवलंय की त्यानंतर लिहिणारा प्रत्येकजण तसाच एक मोठा, भयंकर प्रसंग शोधत राहतो. १९४९ मधल्या माझ्या घरात ना न्हावी येतो, ना कुणी आरडाओरड करतं. मी तुम्हाला विचारलं, मग तिला खालची जागा दाखवतं कोण? तुम्ही सुपातले तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात, ‘तिका कोणेंच उठ म्हणूंक ना. ती आपणेंच उठली.’

मग तुम्ही पाटाची गोष्ट सांगितलीत. पुरुषांची पंगत उठल्यावर बायका जेवायला बसायच्या, थोरल्या सुनेचा पाट भिंतीला पहिला. सुतक फिटल्यावर ती जेवायला आली तेव्हा पाट तिथेच होता. कुणी हलवला नव्हता. पण पंगतीत त्या दिवशी एक माहेरवाशीण होती, नवी लग्न झालेली. सुभद्रा म्हणते, ‘तुम्ही बसा, मी वाढते.’ सगळ्यांना बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी माहेरवाशीण गेलेली असते, तरी सुभद्राच वाढते. आठवड्याभराने त्या पाटावर जाऊ बसलेली असते आणि सुभद्रेचं पान चुलीजवळ, भांड्यांच्या आडोशाला. हे प्रकरण मी जवळजवळ तुमच्या शब्दांत उतरवलंय. एकच भर घातली: जाऊ त्या पाटावर बसताना एकदा दाराकडे पाहते.

जावेला मी दुष्ट करणार होतो, हे तुम्ही ताडलंत. ‘ती बरी होती,’ एवढंच म्हणालात, आणि अबोलीच्या फातींचं, म्हणजे गजऱ्यांचं, सांगितलंत. फुलं घेऊन येणारी बाई घरातल्या सवाष्णी मोजून फाती द्यायची. ती पुढच्या वेळी एक फाती कमी देते. विचारत नाही, कारण गावात सगळ्यांना ठाऊक असतं. जाऊ आपली फाती घेते आणि लगेच माळत नाही. संध्याकाळी, सुभद्रा विहिरीवर गेल्यावर माळते. तिच्या या संकोचातून सुभद्रेला जेवढं कळतं तेवढं टोमण्यातून कळलं नसतं. टोमण्याला उलट बोलता येतं.

गणेशचवथीचा प्रसंग मात्र मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला, त्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. मरणाच्या वर्षी घरात गोडाधोडाचा सण नाही, म्हणून नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, प्रसंग दुसऱ्या वर्षीचा हवा, हे तुम्ही पहिल्यांदा लक्षात आणून दिलंत. मग बैठक मांडून दाखवलीत. नेवऱ्या करायला बायका गोल बसतात. एक पाऱ्या लाटते, एक खोबऱ्या-गुळाचं चून भरते, बाकीच्या कडांना मुरड घालतात, आणि त्या गोलात वर्षभराच्या गप्पा होतात. तळणारी मात्र एकटी. तिची पाठ गोलाकडे, तोंड चुलीकडे, कानावर हसणं पडतं पण कशावर हसल्या ते नीट कळत नाही. सुभद्रा त्या वर्षी तळायला बसते. काम सगळ्यात जोखमीचं तिचं, कारण तेल जास्त तापलं तर नेवरी वरून लाल आणि आत कच्ची, कमी तापलं तर तेल पिते, आणि मुरड सैल असेल तर चून सुटून सगळं तेल काळं. म्हणजे घराला तिची गरज कमी झालेली नाही, उलट वाढलीय. फक्त तिचं तोंड दुसरीकडे वळलंय. कष्ट वाढले आणि सोबत गेली, ही खूण तुमच्याखेरीज मला कुणी दिली नसती.

तुम्ही असंही म्हणालात की नैवेद्याचं पान वाढायला तिला कुणी आडकाठी करणार नाही. सकाळी न्हाऊन धूतवस्त्र नेसून रांधणारी, उपासतापास पाळणारी बाई घरात तीच. देवाचा भात तिच्या हातचा चालतो, पण लग्नाला निघालेल्या माणसासमोर ती आली तर तो पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जाऊन परत निघतो. मी विचारलं, हे दोन्ही एकाच घरात कसं? तुम्ही हसलात. मला आता वाटतं, त्या बाईला घरात धरून ठेवणारी गोष्ट हीच असावी. पण कादंबरीत मी ते बोललो नाही.

आता चढती बाजू. ही मी माझ्या माहितीवर रचली आणि तुम्ही तपासलीत. आपल्या पोर्तुगीज नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, आणि एक गेल्यावर अर्धी दुसऱ्याची. गोव्याबाहेरच्या वाचकाला वाटतं, म्हणजे इथल्या विधवा सुखात होत्या. तसं होत नसे. सुभद्रेचा नवरा बापाआधी गेला. घर, कुळागर, शेतं सगळं सासऱ्याच्या नावावर. नवऱ्याचं स्वतःचं म्हणून जे थोडंफार होतं त्याचं अर्धं तिचं. बाकी तिला कागदावरही काही नाही. सासरा गेल्यावर मात्र बापाच्या जागी तिचा मुलगा वारस होतो. वारसांत अज्ञान मूल असलं की कोर्टातून इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, करावाच लागे, आणि त्यात जमिनीबरोबर समया, पितळी डबे, न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण, असं सगळं नोंदलं जाई.

कादंबरीत सासरा १९५७ साली जातो. कोर्टाचा शिपाई कागद घेऊन वसरीवर येतो आणि अज्ञान मुलाची आई म्हणून सुभद्रेचं पूर्ण नाव घेतो. आठ वर्षं तिला त्या घरात नावाने कुणी हाक मारलेली नसते. परका माणूस आला की ती मधल्या दारामागे राहायची. आज दीरच आत येऊन म्हणतो, ‘वहिनी, बाहेर या.’ मी तिला खुर्चीवर बसवलं होतं. तुम्ही म्हणालात, खुर्चीवर ती बसणार नाही, खांबाशी उभी राहील. पण त्या दिवसाचा चहा बघ. तोवर तिचा चहा चुलीजवळ पेल्यात ओतलेला असायचा. त्या दुपारी जाऊ कपबशीत आणून देते. बशी! एवढ्याशा बशीवर माझं एक अख्खं प्रकरण उभं आहे.

पुढचं भराभर होतं आणि मीही ते भराभर लिहिलंय. कोठाराच्या किल्ल्या तिच्याकडे येतात, आंबे कुणाला पाठवायचे ते ती ठरवते, दीर बियाण्याचं तिला विचारतो. पुढे कधीतरी चवथीला ती नेवऱ्यांच्या गोलात असते, मुरड तपासून एखादी परत करते, आणि तेलाशी नवी धाकटी सून. कुणी काही बोलत नाही. पहिल्या चवथीचा प्रसंग ज्याने नीट वाचला त्याला पुरे.

एका बाबतीत आपलं जमलं नाही. वाटणीत वारस आपसात लिलावासारखी बोली लावतात, त्या बोलीत भाण सुभद्रेकडे राहावं असं तुम्हाला फार वाटत होतं. मी ते दिराला दिलंय. ती त्याच घरात राहते, पाणी त्यातच तापतं, पण मालक दुसरा. मला हे जास्त खरं वाटतं. तुम्ही रागावाल, रागवा.

शेवट मात्र तुमचाच ठेवला. हस्तलिखित वाचलेल्या दोन मित्रांचं म्हणणं होतं की शेवटी सुनेने सुभद्रेला हळदीकुंकवाच्या पाटावर बसवावं, वाचक डोळे पुसत पुस्तक मिटेल. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. १९६९ साली, त्या घरात, कुणी बसवलं नसतं. मुलाच्या लग्नात याद्या तिच्या, पैसा तिच्या हातातून, भटजी दक्षिणा तिला विचारून घेतात, आणि नव्या नवरीची ओटी भरायची वेळ आली की ती तबक जावेच्या हातात देते आणि पुढचं पान वाढायचं काय ते बघायला आत जाते. जाऊ या वेळी दाराकडे पाहत नाही. तिला त्यात वावगं वाटेनासं झालंय. आधीचं ते पाहणं आणि आताचं न पाहणं, दोहोंतलं जास्त वाईट काय, हे मी वाचकावर सोडलंय.

छापील प्रत येईल ती तुम्हाला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वाचायला जमेलसं वाटत नाही. तेव्हा मीच येईन आणि वाचून दाखवीन. इन्व्हेंताराचं प्रकरण आधी वाचू, म्हणजे भाणावरून भांडायचं ते सुरुवातीलाच उरकून घेता येईल.

तुमचा,
खालच्या वाड्यावरचा शेजारी