रात्रीच्या पाळ्यांचे कोष्टक

विश्रामबाग, सांगली

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. साताऱ्यात मानसिक ताणाखाली असलेल्यांसाठी रात्रीची हेल्पलाइन सुरू करण्याचे तुम्ही ठरवले आणि त्यासाठी आमचे पाळीपत्रक मागवले, हे वाचून आनंद झाला. नुसता तक्ता पाठवला असता तर तो चुकीचा वाचला जाण्याची शक्यता होती, म्हणून त्यामागचा विचारही लिहितो.

‘नेहमी दोघे जण हजर’ या नियमाचा अर्थ बहुतेकांना सोबत असा वाटतो. खरे कारण वेगळे आहे. फोनवर बोलणाऱ्याने बोलतच राहायचे असते, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी १०८ किंवा ११२ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी लागते. समजा, रात्री दोनच्या सुमारास एक जण सांगतो की त्याने स्वतःला इजा करून घेतली आहे आणि तो ‘कवठ्यात’ आहे. हे कवठे एकंद आहे की कवठे महांकाळ? तुमच्याकडे वाई तालुक्यातही एक कवठे आहेच. बोलणारा हे सगळे विचारत बसला तर संभाषणाचा धागा तुटतो. जोडीदार कागदावर ‘तालुका?’ एवढेच लिहून पुढे सरकवतो, उत्तर मिळताच शेजारच्या फोनवरून १०८ ला गाव, तालुका आणि जवळची खूण सांगतो. एकट्या माणसाला ही दोन कामे एकाच वेळी करता येत नाहीत.

म्हणूनच आम्ही येणारे फोन घेणारी लाइन एकच ठेवली आहे. दुसरा फोन फक्त बाहेर लावण्यासाठी आहे. दोन लाइन असत्या तर जास्त लोकांशी बोलता आले असते, हे मान्य आहे. परंतु दोघेही एकाच वेळी दोन वेगवेगळ्या संभाषणांत अडकले की टेबलाशी दोन माणसे असूनही प्रत्येक जण एकटाच असतो. लाइन व्यस्त असताना फोन करणाऱ्याला ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येतो आणि त्यात शासनाच्या टेली मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक दिलेला असतो.

आता पाळ्यांकडे येतो. आमची रात्र ९ ते सकाळी ७ अशी दहा तासांची आहे. पहिला मोह असा होतो की दोघांनी ९ ते २ बसावे आणि पुढच्या दोघांनी २ ते ७. असे केले की दोनच्या ठोक्याला खोलीतील सगळी माहिती एकदम उठून जाते, आणि नुकत्याच झोपेतून उठलेल्या दोघांच्या हाती फक्त वही उरते. त्यामुळे आम्ही दोघांची बदली कधीच एका वेळी करत नाही. पहिली व्यक्ती ९ ते १ बसते, दुसरी ११ ते ३, तिसरी १ ते ५ आणि चौथी ३ ते ७. सुरुवातीची ९ ते ११ आणि शेवटची ५ ते ७ या दोन रिकाम्या जागांसाठी जवळपास राहणारे, रात्रभर थांबू न शकणारे कार्यकर्ते येतात. पहाटेच्या पाळीला निवृत्त शिक्षक फार उपयोगी पडतात. ते तसेही चारलाच उठलेले असतात! या रचनेत दर दोन तासांनी एकच माणूस बदलतो, आणि उरलेल्याने मागचे दोन तास स्वतःच्या कानांनी ऐकलेले असतात. शिवाय मधल्या चौघांपैकी प्रत्येकाला दोन वेगवेगळे जोडीदार मिळतात, त्यामुळे नवख्या व्यक्तीला दोन अनुभवी माणसांच्या मध्ये बसवता येते.

मुख्य चौघे नऊच्या आत येतात आणि सकाळी उजाडल्यावरच घरी जातात, कारण रात्री एक किंवा तीन वाजता कोणालाही, विशेषतः मुलींना, रस्त्यावर पाठवणे योग्य नाही. त्यांच्या विश्रांतीसाठी स्त्रिया आणि पुरुष यांच्या दोन स्वतंत्र खोल्या आहेत. मात्र आत झोपलेली व्यक्ती ‘हजर’ म्हणून मोजायची नाही. गाढ झोपेतून उठल्यावर अर्धा तासपर्यंत डोके जड राहू शकते, म्हणून पुढच्या पाळीच्या माणसाला अर्धा तास आधी उठवले जाते आणि तोंड धुऊन, चहा घेऊन तो पंधरा मिनिटे आधी टेबलाशी येतो. तेवढा वेळ तिघे एकत्र असतात. चार्ज देणे-घेणे याच वेळात होते.

चार्ज देताना आम्ही वहीतील तीनच गोष्टी तोंडी सांगतो: कोणाचे बोलणे अपुरे राहिले आहे, कोणाला काय आश्वासन दिले आहे, आणि बाहेर कोणाला कळवले आहे. घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे. वहीत पूर्ण नाव लिहायचे नाही आणि वही कुलपात ठेवायची. ‘विशेष काही नाही’ एवढ्यावर चार्ज संपला, तर तो झालाच नाही असे समज. फोन करणारा ‘मघाशीच तर सांगितले’ असे म्हणू लागला की चार्ज नीट दिला गेला नाही हे कळते. असे म्हणून फोन ठेवणारा माणूस सहसा पुन्हा फोन करत नाही.

एक उदाहरण देतो. पावणेतीनला एका तरुणाचा फोन आला आणि ११ ते ३ च्या पाळीतील ताईंनी तो घेतला. तीन वाजले, चौथी व्यक्ती येऊन बसली, तरी संभाषण सुरूच होते. अशा वेळी फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. ज्याने घेतला त्यानेच तो संपवायचा. १ ते ५ च्या पाळीतील सहकाऱ्याने सुरुवातीपासून ऐकले असल्याने जोडीदाराचे काम त्याच्याकडेच राहिले, नव्या व्यक्तीने वही सांभाळली. साडेतीनला बोलणे संपले. त्या तरुणाला सकाळी साडेआठला फोन करण्याचे ठरले होते, परंतु तोपर्यंत रात्रीचे टेबल बंद होणार होते. म्हणून ते काम दिवसाच्या समन्वयकाच्या नावावर लिहिले गेले आणि ५ ते ७ च्या पाळीतील काकांनी जाण्यापूर्वी त्यांना फोन करून ‘मी करतो’ असा होकार घेतला. ‘पुन्हा फोन’ या रकान्यात वेळ आहे पण नाव नाही, अशी नोंद दिसली तर ती तिथेच थांबवावी. फोन घेणाऱ्या त्या ताईंना विसावा मिळावा म्हणून आम्ही पुढची रात्र दिली नाही.

कोणी आलेच नाही तर काय, हे तू विचारले आहेस. प्रत्येकाने संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवायचा; न कळवल्यास राखीव माणसाला बोलवायचे. आधीच्या पाळीतील व्यक्ती दुसरा येईपर्यंत उठत नाही. तरीही एकच माणूस उरण्याची वेळ आली, तर लाइन बंद करून १४४१६ आणि ११२ सांगणारा निरोप लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्यातील काहींना हे कठोर वाटते. मला एकट्याने चालवलेली लाइन अधिक धोक्याची वाटते.

तुमच्याकडे सध्या सोळा जण रात्रभर थांबू शकतील असे तू लिहितोस. प्रत्येकाला आठवड्यातून एकच रात्र द्यायची, तर रोज चार या हिशेबाने चार रात्री होतात. सातही रात्रींसाठी अठ्ठावीस जण लागतील आणि लहान पाळ्यांचे लोक वेगळे. तेव्हा आरंभी चारच रात्री चालवा आणि त्या कोणत्या, हे जाहीर करा. सोळा जणांची नावे, अनुभव आणि शनिवार-रविवारच्या अडचणी मला लिहून पाठव, म्हणजे पहिल्या पंधरवड्याचे पत्रक मी येथूनच मांडून देतो. पहाटे पाचला पायी येऊ शकणारे कोणी तुमच्या केंद्राजवळ राहतात का, याचीही चौकशी कर. थंडीत ही पाळी भरणे सर्वांत अवघड जाते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव