पब्लिक की खरी कोणाची, हे तपासायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर सुरक्षेवर वर्तमानपत्रांतून जे लिहून येतं, त्यात एक सल्ला हमखास असतो: वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की माहिती भरायला हरकत नाही. नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी नेटवर्क सिक्युरिटी शिकवते. तोंडी परीक्षेत माझे विद्यार्थीही हेच उत्तर देतात, आणि त्यांना पब्लिक की एन्क्रिप्शनचं, म्हणजे एक किल्ली जाहीर आणि दुसरी गुप्त ठेवून संदेश झाकण्याच्या पद्धतीचं, गणित पाठ असतं. गणित येतं, पण त्याची हद्द कुठे संपते ते कळत नाही, म्हणून हे पत्र.

कळमना बाजारातला एक संत्रा व्यापारी आणि कोलकात्याचा एक खरीददार घ्या. दोघांची भेट नाही, ओळख नाही. किती ट्रक माल हवा हे खरीददाराला गुपचूप कळवायचं आहे. 1976 पर्यंत जाहीर जगात याला उत्तर नव्हतं. सांकेतिक भाषेत लिहायचं तर त्याची किल्ली आधी दोघांकडे हवी, आणि ती पोचवायला विश्वासाचा माणूस किंवा प्रत्यक्ष भेट हवी. त्या वर्षी व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं की आधी काहीही गुप्त ठरलेलं नसताना, सगळ्यांच्या कानांदेखत बोलूनही दोघांना गुपित जमवता येतं. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी आरएसए पद्धत मांडली. ब्रिटिश सरकारच्या संदेशयंत्रणेत क्लिफर्ड कॉक्स यांना 1973 मध्येच जवळपास तीच पद्धत सुचली होती, पण ती गोष्ट 1997 पर्यंत फायलीत बंद राहिली.

वर्गात मी आरएसए अगदी छोट्या आकड्यांवर करून घेते. आपला व्यापारी 5 आणि 11 या दोन मूळ संख्या निवडतो. त्यांचा गुणाकार 55. प्रत्येकीतून एक वजा करून गुणलं की 4 गुणिले 10, म्हणजे 40. आता तो 3 हा आकडा घेतो आणि असा जोडीदार शोधतो की दोघांच्या गुणाकाराला 40 ने भागल्यावर बाकी 1 उरावी. तो जोडीदार 27, कारण 81 मधून 80 गेले की 1 उरतो. 55 आणि 3 ही त्याची पब्लिक की. ती तो दुकानाच्या पाटीवरही रंगवू शकतो. 27 ही प्रायव्हेट की, ती कोणालाही द्यायची नाही.

खरीददाराला 6 ट्रक हवे आहेत. तो 6 चा घन करतो, 216, त्याला 55 ने भागतो आणि उरलेली बाकी 51 पाठवतो. व्यापारी 51 चा 27 वा घात करून 55 ने भागतो, बाकी 6. वाटेत 51 हा आकडा सगळ्यांनी पाहिला तरी तो उलगडायला 27 हवा, आणि 27 काढायला 55 चे अवयव माहीत हवेत. 55 चे अवयव शाळकरी पोरही सांगेल. खऱ्या वापरातल्या 2048 बिटांच्या किल्लीत मात्र तिथे 617 अंकी संख्या असते, आणि या जातीच्या संख्यांपैकी जाहीरपणे फोडली गेलेली सर्वांत मोठी जी मला माहीत आहे ती 250 अंकी, 2020 सालची.

(इथे जाणकार वाचक हटकतील, आणि त्यांचं बरोबर आहे. पब्लिक की सगळ्यांकडे असल्यामुळे कोणीही 1, 2, 3 असे आकडे ओळीने त्याच किल्लीने एन्क्रिप्ट करून 51 कुठे येतो ते पाहील. म्हणून प्रत्यक्षात संदेशात आधी यादृच्छिक भर मिसळतात, म्हणजे तोच संदेश दर वेळी वेगळा दिसतो.)

गुप्ततेचा प्रश्न इथे सुटला. वर्गातली गडबड इथून पुढे सुरू होते.

खरीददाराला 55 आणि 3 हे आकडे मिळाले कुठून? समजा, मधल्या नेटवर्कवर एक दलाल बसला आहे. व्यापाऱ्याने पाठवलेली किल्ली तो अडवतो आणि तिच्या जागी स्वतःची पुढे करतो: 33 आणि 3. ही त्याने 3 आणि 11 वरून बनवली आहे, त्याची प्रायव्हेट की 7. खरीददार बिचारा 216 ला 33 ने भागतो आणि 18 पाठवतो. दलाल 18 चा सातवा घात करून 33 ने भागतो, त्याला 6 मिळतो. मग तो 6 चे 9 करतो. 9 चा घन 729, त्याला व्यापाऱ्याच्या खऱ्या 55 ने भागून बाकी 14. ती तो पुढे ढकलतो. व्यापारी 27 वापरून उघडतो, त्याला 9 दिसतात, आणि तो 9 ट्रक भरायला सांगतो.

फळ्यावर हे पूर्ण झालं की एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, पण दोघांपैकी एकाला तरी कळायला हवं ना?" नाही कळत. दोन्ही टोकांना एन्क्रिप्शन चालू आहे, दोन्हीकडचं गणित अचूक आहे, कुठलीही किल्ली फुटलेली नाही. 55 च्या ऐवजी 617 अंकी संख्या घेतली तरी दलालाचं काम तितकंच सोपं राहतं, कारण तो किल्ली फोडतच नाही, बदलतो. आमच्या विद्यार्थ्यांचा सगळा जोर किल्लीच्या लांबीवर असतो. लांबी या ठिकाणी काहीच वाचवत नाही.

यातून सुटायचा मार्ग एकच: हाती आलेली पब्लिक की खरंच त्या माणसाची आहे का, हे ती ज्या वाटेने आली त्याहून वेगळ्या वाटेने पडताळायचं. लॅबमध्ये विद्यार्थी पहिल्यांदा एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर एन्क्रिप्शनमधून काम करायच्या प्रोग्रामने, सर्व्हरला जोडतात तेव्हा पडद्यावर हा प्रश्न येतो:

```
Are you sure you want to continue connecting (yes/no/[fingerprint])?
```

त्याच्या वरच्या ओळींत सर्व्हरच्या किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या किल्लीवरून काढलेला छोटा ठसा, छापलेला असतो. तो न वाचता सगळा वर्ग `yes` टाइप करतो. सर्व्हरपाशी बसलेल्या माणसाने खालची आज्ञा चालवली की त्याच्याकडेही तोच ठसा दिसायला हवा:

```
ssh-keygen -lf /etc/ssh/ssh_host_ed25519_key.pub
```

त्याने तो फोनवर वाचून दाखवावा किंवा कागदावर छापून लॅबच्या दारावर लावावा, आणि विद्यार्थ्याने अक्षर न् अक्षर जुळवावं. दोन मिनिटांचं काम. पुढे कधी सर्व्हरची किल्ली बदलली तर `REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED!` असा मोठा इशारा येतो. तेव्हा मुलं इंटरनेटवरून शोधून जुनी नोंद पुसून टाकतात आणि पुढे जातात. बहुतेक वेळा सर्व्हर नव्याने बसवलेला असतो हे खरं, पण दलाल मध्ये आला तरी पडद्यावर हाच इशारा येणार आहे. आधी विचारायचं, मग पुसायचं, एवढा क्रम पाळला तरी पुरे.

लाखो वेबसाइटांच्या बाबतीत फोन करून ठसा जुळवणं शक्य नाही, म्हणून तिथे प्रमाणपत्रांची व्यवस्था आहे. प्रायव्हेट कीने सहीही करता येते आणि पब्लिक कीने ती कोणालाही तपासता येते. ‘ही किल्ली या पत्त्याच्या मालकाची आहे’ अशा मजकुरावर एखादी प्रमाणन संस्था सही करते, आणि आपला ब्राउझर ती सही मानतो, कारण त्या संस्थेच्या किल्ल्या त्याच्याजवळ आधीपासून ठेवलेल्या असतात. म्हणजे ओळख पटवायचं काम आपण तिसऱ्यावर सोपवलं. तो तिसरा चुकला तर? 2011 मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली, गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र निघालं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे जुलै 2014 मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या प्रमाणन व्यवस्थेतून गुगल आणि याहूच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं, आणि ती व्यवस्था रद्द करावी लागली. आता निघालेली प्रमाणपत्रं जाहीर नोंदवह्यांत चढवावी लागतात, त्यामुळे असा प्रकार लवकर उजेडात येतो. तरी विश्वास तिसऱ्यावरच आहे.

आणि ते कुलूप? प्रमाणपत्र एवढंच सांगतं की तुम्ही पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या नावाच्या मालकाशीच बोलत आहात. तो मालक सज्जन आहे की नाही, याबद्दल ते काहीही सांगत नाही. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून कोणीही पत्ता विकत घेऊ शकतो, आणि त्याचं प्रमाणपत्र फुकट, काही मिनिटांत मिळतं. फसवणुकीच्या साइटवरही एन्क्रिप्शन अगदी खरंखुरं असतं. लोकांचा हा गैरसमज पाहूनच गुगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं. आपल्या सल्ल्यांतून ते अजून गेलेलं नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना. प्रात्यक्षिक परीक्षेत आरएसएचा प्रोग्राम लिहून घेता तो घ्याच, पण त्याच्याबरोबर विद्यार्थ्यापुढे असा सर्व्हर ठेवा ज्याचा ठसा दारावरच्या कागदाशी जुळत नाही. जो `yes` टाइप करेल त्याचे गुण कापा. माझ्या वर्गात मी हे करते, आणि एकदा गुण गेले की मुलं ठसा वाचायला लागतात.

दुसरी आपल्याला, संपादक महोदय. सायबर सुरक्षेच्या मजकुरातून कुलपाचा सल्ला काढा आणि त्या जागी पत्त्याची पट्टी अक्षरशः वाचायला सांगा. जमल्यास व्हॉट्सअॅपचं एक उदाहरणही चित्रासह छापा: कोणत्याही चॅटमध्ये संपर्काच्या माहितीत ‘एन्क्रिप्शन’ उघडलं की 60 अंकी संख्या दिसते. ती दोघांच्या किल्ल्यांवरून बनते. नागपूरच्या आईने आणि पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाने फोनवर, एकमेकांचा आवाज ओळखत, ती वाचून जुळवली तर मध्ये दलाल नाही हे त्यांना स्वतःला ठरवता येतं. समोरच्याने फोन बदलला किंवा अॅप नव्याने टाकलं की ती संख्या बदलते, तेव्हा पुन्हा जुळवायची.

कळावे.

आपली विश्वासू,
नेटवर्क सिक्युरिटीची एक प्राध्यापिका, नागपूर