मशीनच्या नळासाठी मालकांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं हे बरं झालं. आईच्या मनगटाला पिळणं आता झेपत नाही. पण बाबा, "मालकांना फोनवर सांगितलं की झालं" हे मला पटत नाही. आपली बिल्डिंग पाडून नवी होईपर्यंत तुम्ही भाड्याच्या घरात आहात, आणि तिथल्या लीव्ह अँड लायसन्समध्ये लेखी परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही असं कलम आहे. मी ते कागद पुन्हा वाचले. मालक भला माणूस आहे, पण दोन वर्षांनी डिपॉझिट परत घेताना फोनवरचं बोलणं कोणाला आठवणार?

मालकाला मशीनची भीती नसते, भिंत फोडायची असते. टाइल्स काढून आतल्या पाइपातून नवी लाइन घेतली की वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्यांच्या छताला ओल येते. म्हणून आपण नवी लाइन मागायचीच नाही. मागच्या बाल्कनीत मोरीवर जो नळ आहे, तो काढून त्याच आट्यांवर टू-वे नळ बसवायचा. एका तोंडाला मशीनची नळी, दुसऱ्यातून बाईंना भांड्यांना पाणी. टेफ्लॉन टेप आणि पान्हा, एवढंच काम. जुना नळ पिशवीत घालून जपून ठेवा, घर सोडताना तोच परत लावायचा.

आता पाण्याच्या जोराचं. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच. नळापासून टाकीच्या तळापर्यंत साधारण 3 मीटर उंची धरली तर दाब 0.3 बार भरतो (10 मीटरला सुमारे 1 बार). बऱ्याच फ्रंट लोड मशीनना किमान तेवढाच किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणजे टाकी खाली आली की मशीन पाण्याची वाट बघत एरर दाखवणार. खालच्या मजल्यांवर हा त्रास नसतो, म्हणून शेजाऱ्यांच्या मशीनवरून ठरवू नका. दुकानात आधी किमान दाब किती ते माहितीपत्रकात पाहा. कमी दाबावर चालणारी टॉप लोड मिळतात, माझा कल तिकडे आहे. पंप बसवायचा तर ती आणखी एक परवानगी आणि सोसायटीची कुरकुर.

सांडपाणी मोरीच्या जाळीतच सोडायचं. बाल्कनीतला पावसाचा पाइप जवळ आहे, पण साबणाचं पाणी तिथे गेलं तर सोसायटी हरकत घेईल, आणि योग्यच घेईल. आई, एकदा भरलेली बादली मोरीत एकदम ओतून बघ. पाणी तुंबलं तर आधी नहाणी ट्रॅप साफ करून घ्या, कारण मशीन पाणी असंच एकदम सोडतं. शेवटी फ्रंट लोडच घेतलंत, तर सांडपाण्याच्या नळीचं तोंड जमिनीवर टाकायचं नाही. पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, बहुधा 60 ते 100 सेंटिमीटरवर, अडकवायचं. नाहीतर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं.

पत्राचा मसुदा देते. बाबा, तुमच्या अक्षरात उतरवून काढा.

"स. न. वि. वि.
आपल्या सदनिकेच्या मागच्या बाल्कनीत स्वखर्चाने वॉशिंग मशीन ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. पाण्यासाठी मोरीवरील सध्याचा नळ बदलून टू-वे नळ बसवू. भिंत, टाइल्स किंवा आतली पाइपलाइन यांना हात लावणार नाही. सांडपाणी मोरीच्या ट्रॅपमध्येच सोडू. बाल्कनीत अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंट नाही; तो आपल्या माहितीच्या इलेक्ट्रिशियनकडून आमच्या खर्चाने बसवून घेण्यास आमची तयारी आहे. या नळामुळे गळती झाल्यास दुरुस्ती आम्ही करू. घर सोडताना जुना नळ पूर्ववत लावून देऊ. पॉइंट काढायचा की ठेवायचा ते आपण सांगावे. सध्याच्या स्थितीचे फोटो सोबत जोडले आहेत. कृपया लेखी होकार कळवावा."

गळतीचं वाक्य तुम्हाला खटकेल, तरी राहू द्या. मालक होकार देतील तो त्या वाक्यामुळेच. फक्त "या नळामुळे" हे शब्द गाळू नका, नाहीतर जुन्या पाइपाची गळतीही आपल्याच गळ्यात पडेल. फोटोंत मोरीखालची भिंत दिसू दे, तिथला जुना डाग मी दिवाळीत पाहिलाय.

पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि उत्तरही तिथेच मागा. ते येईपर्यंत मशीन बुक करू नका. आणि रात्री झोपताना मशीनकडचा नळ बंद करायची सवय लावा, नळी निसटली तर पाणी थेट खालच्यांकडे.

तुमची,
मनू