निधन वार्तेतील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, जाहिरात विभाग

महोदय,

माझी आई शुक्रवारी (ता. १४) संध्याकाळी वारली. शनिवारी संध्याकाळी मी तुमच्या कोल्हापूर कार्यालयात फोटो आणि मजकूर दिला, पैसे भरले. रविवारच्या अंकात बातमी आली, पण त्यात दोन चुका झाल्या आणि दोन्ही तुमच्याकडच्या आहेत.

मी लिहून दिले होते, 'रक्षाविसर्जन रविवारी (ता. १६) सकाळी ९ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी.' छापून आले, 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता.' शनिवारी मजकूर टाइप करणाऱ्याला रविवार हा 'उद्या'च होता. पण अंक वाचला जातो रविवारी, आणि वाचणाऱ्याचा 'उद्या' म्हणजे सोमवार. म्हणूनच मी वार आणि तारीख दोन्ही दिली होती.

आईचे माहेर कोतोली (ता. पन्हाळा). तिकडच्या सगळ्यांचे फोन नंबर आमच्याकडे नाहीत. सासरच्या नावावरून तिकडे कोण ओळखणार, म्हणून माहेरचे नाव मुद्दाम घातले होते. ते तुम्ही नीट छापलेत आणि ते वाचून आईचे चुलतभाऊ सोमवारी सकाळी साडेआठला हार घेऊन स्मशानभूमीत आले. वय ८२. तिथल्या कोणाच्या तरी फोनवरून त्यांनी विचारले, "कुठं हाईस रं? हितं तर आपलं कोणच न्हाई." रक्षा आदल्या दिवशीच नदीत सोडली होती. त्यांना काय सांगायचे ते मला सुचले नाही.

दुसरी चूक परिवाराच्या ओळीत आहे. मी लिहिले होते, 'पश्चात एक मुलगा, एक मुलगी, दोन सुना, जावई, पाच नातवंडे.' तुम्ही 'एक सून' केलेत. मुलगा एक तर सुना दोन कशा, असे वाटून कोणीतरी आकडा सुधारला असावा. माझा थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. वहिनी आईजवळच राहिल्या आणि शेवटचे आठ महिने आईला भरवणे, कूस बदलणे त्यांनीच केले. बातमी वाचून त्यांनी अंक घडी करून ठेवला आणि चहा करायला उठल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. शंका होती तर पावतीवरच्या नंबरवर एक फोन करायचा होता. छापण्याआधी मजकूर मला दाखवलाही नाही.

उत्तरकार्य मंगळवारी (ता. २५) आमच्या राहत्या घरी आहे. त्याची बातमी शुक्रवारी (ता. २१) त्याच पानावर, त्याच आकारात, फोटोसह विनाशुल्क छापावी. त्यात 'दोन सुना' असावे आणि रक्षाविसर्जनाचा दिवस चुकीचा छापल्याबद्दल दिलगिरीची एक ओळ असावी. त्यात 'आज', 'उद्या' नको, वार आणि तारीख हवी. पान लावण्याआधी मजकुराचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवावा. मी 'बरोबर' असे कळवल्याशिवाय छापू नये.

सोबत पावती, मूळ मजकुराची प्रत आणि रविवारचे कात्रण जोडले आहे.

आपला,
(सही)
शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १८